धागा: केस स्टडी परत आली, "निरीक्षण कुठे आहे?" असा शेरा मारून. आता काय लिहू?

पऱ्हाटी_१२
नमस्कार मंडळी. बी.एड. फर्स्ट इयरला आहे, इंटर्नशिप घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात चालू आहे, शाळेचं नाव सांगत नाही. बालविकासाच्या पेपरला एका मागे पडलेल्या मुलाची केस स्टडी करायची असते. मी चौथीतला एक मुलगा घेतला, इथं त्याला गोलू म्हणते, खरं नाव वेगळं आहे. पहिल्याच दिवशी वर्गशिक्षक म्हणाले, "मॅडम दुसरं पोट्टं घ्या, हा ढच आहे, याच्यात लिहाले काही भेटनार नाही." म्हणून मुद्दाम तोच घेतला.

२२ पानं लिहिली, त्यातली ९ पानं पियाजे, व्हायगॉट्स्की वगैरे. मग घरची परिस्थिती, कोरडवाहू तीन एकर, आई मजुरीला, वडील दारू घेतात. मग वाचनाची चाचणी घेतली, दुसरीच्या पुस्तकातला ६२ शब्दांचा उतारा, त्यात २१ चुका. म्हणून निष्कर्ष लिहिला की मुलाला अध्ययन अक्षमता आहे आणि त्याचं कारण घरचं वातावरण. कॉलेजच्या मॅडमनी फाईल परत केली आणि लाल पेनानं एवढंच लिहिलं, निरीक्षण कुठे आहे. मी तर तीन आठवडे त्याच्या मागंमागं फिरली आणि ह्या म्हणतात निरीक्षण कुठे. पंधरा दिवसात परत द्यायची आहे. कोणी केली असेल तर सांगा, नेमकं काय पाहिजे असते त्यांना?

झेरॉक्सवाला_भाऊ
एवढं काय टेन्शन घेता ताई. कॉलेजसमोरच्या दुकानात मागच्या वर्षीच्या फायली भेटतात, नाव बदलायचं अन् सादर करायची. आमच्या बॅचच्या चौदा जणांचा मुलगा एकच होता 😂 सगळ्यांच्या फायलीत त्याला आई नव्हती.

अकोटची_मीरा
वरच्यांकडे लक्ष नको देऊ ग. मला वाटते तुझा निष्कर्ष बरोबरच आहे फक्त लक्षणं नीट लिही. डिस्लेक्सियामधे मुलं अक्षरं उलटी वाचतात, बी चं डी करतात, ओळ सोडतात, अक्षर वाईट असते. आमच्याकडे दोन दिवसाचं ट्रेनिंग झालं त्यात सगळं सांगितलं होतं. चौथीत येऊन दुसरीचं वाचता येत नाही म्हणजे तेच असणार, एक चेकलिस्ट भरून जोड म्हणजे झालं.

जुना_साधनव्यक्ती
मीराताई, बी-डी चा घोळ इंग्रजीतला आहे, आपल्या लिपीत तशी आरशातली जोडी नाही. आपली पोरं घोटाळा करतात तो घ-ध, भ-म, ब-व असा, आणि तो तर दुसरीपर्यंत बहुतेक सगळ्याच लेकरांचा होतो. त्यावरून काहीच ठरत नाही. चेकलिस्टमधे पाच खुणा झाल्या म्हणून आजार ठरवला असं होत नसते.

पऱ्हाटीताई, मी गटसाधन केंद्रात बरीच वर्षं काढली, आता रिटायर आहे. तुमच्या मॅडम काय म्हणतात ते मला कळलं. तुम्ही लिहिलं "२१ चुका". कोणत्या २१? उताऱ्यात काय होतं आणि तो काय बोलला हे दोन्ही शेजारी-शेजारी लिहिलेलं आहे का तुमच्याकडे? नुसता आकडा म्हणजे तुमचा निकाल झाला, निरीक्षण म्हणजे त्याच्या तोंडातून निघालेला शब्द. असेल तर इथं टाका, मग बोलू.

पऱ्हाटी_१२
आहे सर, मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं (त्याच्या आईला विचारून). काल रात्री परत ऐकून उतरवलं. आधी छापलेलं, मग तो काय बोलला.

मला – मले, तुला – तुले, शाळेत – शायेत, डोळे – डोये, पाणी – पानी, काळा – काया, कोणी – कोनी, आहे – हाय, बाळ – बाय, दिवस – दवस, चिमणी – चमनी, किती – कती, मुलगी – मलगी, खूप – खप, फुलं – फलं, सुंदर – संदर, उडून – उडन.
गोष्ट, रस्ता, पक्षी, म्हणाला या चारवर थांबला, काहीच बोलला नाही, मी सांगितल्यावर पुढं गेला.

जुना_साधनव्यक्ती
आता बघा काय सोनं हाती आहे तुमच्या.

पहिले नऊ शब्द घ्या. छापलंय "मला" आणि पोरगा म्हणते "मले". जर त्याला वाचता येत नसतं तर तो "मल" म्हणाला असता, "माल" म्हणाला असता. त्यानं शब्द वाचला, त्याचा अर्थ त्याला कळला, आणि तो अर्थ त्यानं आपल्या घरच्या बोलीत सांगितला. वऱ्हाडीत ळ चा य होतो आणि ण चा न होतो, डोये, शाया, पानी, हे तुमची-माझी आजीही म्हणत होती. त्याला वाचनाची चूक म्हणूच नका. म्हणजे ६२ पैकी ४१ बरोबर, ६६ टक्के, हा जो तुम्ही आकडा लावला तो खोटा आहे. बोलीचे नऊ बाजूला काढा, ५० बरोबर होतात, ८१ टक्के.

पण थांबा, लगेच आनंद नको. ८१ सुद्धा कमीच आहे. न्यूझीलंडच्या मारी क्ले बाईंनी अशी वाचननोंद करायची पद्धत बसवली, त्यात ९० च्या खाली गेलं की तो मजकूर त्या लेकरासाठी कठीण समजतात. ते ठोकताळे इंग्रजी वाचणाऱ्या पोरांवरून आलेत, आपण जसेच्या तसे लावायचे नाहीत, पण अंदाज येतो. म्हणजे पोरगा अडतो हे खरं. कुठं अडतो तेवढंच शोधायचं.

आता खालचे आठ बघा. दवस, चमनी, कती. मलगी, खप, फलं, संदर, उडन. काय गळालं यात? स्वतः सांगा, मी नाही सांगत.

पऱ्हाटी_१२
पहिली वेलांटी आणि उकार!! आणि सर, मुलगी मधली शेवटची दुसरी वेलांटी बरोबर वाचली त्यानं, कोनी मधली पण. डोये मधे ओ पण बरोबर ए पण बरोबर. काया मधला काना बरोबर. म्हणजे त्याला मात्रा येत नाहीत असं मी फाईलमधे लिहिलं ते चूक आहे, त्याला दोनच जागी अडते. बाप्पा, हे तीन आठवड्यात मला दिसलं नाही.

जुना_साधनव्यक्ती
तीन आठवडे तुम्ही मुलाकडं बघत होत्या, त्याच्या चुकांकडं नाही. होते सगळ्यांचंच, मी पण पहिली दहा वर्षं टक्केवारीच लिहिली.

आता या दोन जागा वेगवेगळ्या आहेत बरं का. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर. डावीकडून वाचत येणाऱ्या लेकराला आधी एक दांडी दिसते जिचा अजून काही आवाज नाही. बरीच पोरं तिला ओलांडून पुढं जातात. उकाराचं तसं नाही, तो खाली लोंबतो, बारीक असतो. तो गळण्याचं एक कारण न शिकणं असू शकते आणि एक कारण साधं न दिसणं. हे वेगळं करायला खर्च शून्य आहे. तेच शब्द फळ्यावर किंवा फरशीवर खडूनं हातभर मोठे लिहा आणि वाचायला लावा.

धारणीकर
मध्येच बोलतो माफ करा. मी मेळघाटात आहे, आमच्याकडं घरी कोरकू बोलतात. सर जे वऱ्हाडीबद्दल सांगतात ते आमच्याकडं लागू होत नाही, कारण इथं पोरगं मराठी शब्द अचूक वाचते, खडखड, एकही मात्रा न चुकता, आणि विचारलं काय वाचलं तर डोळे मोठे करून पाहते. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिला वाचनात पैकीच्या पैकी आणि समजलं शून्य. मी तिला हुशार समजत होतो अर्धं वर्ष. म्हणून पऱ्हाटीताई, गोलूला समजते का हे पण तपासा, नाहीतर नुसत्या मात्रा दुरुस्त करत बसाल.

जुना_साधनव्यक्ती
एकदम बरोबर सर. हे राहिलंच होतं. तेवढ्याच अवघड दुसऱ्या उताऱ्याचं तुम्ही मोठ्यानं वाचन करा, पुस्तक त्याला दाखवू नका, आणि मग पाच प्रश्न विचारा, त्यात एक तरी "काहून" चा असू द्या. ऐकून समजते पण वाचून समजत नाही, तर अडचण अक्षरापाशी आहे. ऐकूनही समजत नाही, तर गोष्ट भाषेची किंवा आणखी खोल आहे, आणि एखाद्याचं कानही तपासावं लागते. उत्तर वऱ्हाडीत दिलं तर पूर्ण धरा.

कारंजाचे_गुरुजी
हे सगळं ठीक आहे पण मी वर्ग चालवतो, मला एक सांगा, "मले" ला चूक नाही म्हणायचं तर उद्या पोरगा पेपरमधे "मले भूक लागली" लिहिल तेव्हा मार्क कोण देईल? तुम्ही की मी? स्कॉलरशिपच्या पेपरात बोली चालत नाही. लाड करून पोरांचं नुकसान होते. आमच्या गुरुजींनी छडी मारून प्रमाणभाषा शिकवली म्हणून आज चार ओळी लिहितो.

जुना_साधनव्यक्ती
गुरुजी, प्रमाणभाषा शिकवू नका असं कोणी म्हटलं? शिकवायचीच. पण ती भाषेच्या तासाला शिकवायची गोष्ट आहे. वाचता येते का हे तपासताना तिला चुकीत धरली तर आपण चुकीचं औषध देतो. नऊ शब्दांसाठी पोराला उच्चाराचा मारा आणि ज्या बारा शब्दांत खरं अडलं ते तसेच.

कारंजाचे_गुरुजी
कागदावर छान वाटते. ४१ पोरं आहेत वर्गात, प्रत्येकाच्या तोंडातला शब्द लिहित बसू का.

धारणीकर
गुरुजी केस स्टडी एकाचीच आहे 🙂

वाशीमची_आई
मला पण हेच विचारायचं होतं, माझा मुलगा सहावीत आहे, त्याला गणितात फार कमी मार्क पडतात, तर त्याची केस स्टडी कुठे करून मिळते? आणि सर्टिफिकेट काढलं तर दहावीला जास्तीचा वेळ देतात म्हणे, किती खर्च येतो?

जुना_साधनव्यक्ती
ताई, हा धागा अभ्यासक्रमाच्या फाईलचा आहे, तपासणीचा नाही. पण थोडक्यात सांगतो. विशिष्ट अध्ययन अक्षमता ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे. शिक्षक फक्त शंका नोंदवू शकतात, तपासणी आणि प्रमाणपत्र सरकारी दवाखान्यातलं पथक करते, त्यात बुद्धीची चाचणीही येते, आणि वयाची आठ वर्षं झाल्याशिवाय करत नाहीत. तुमच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, आधी त्यांना भेटा, एजंटच्या नादी लागू नका.

पऱ्हाटीताई, हे तुमच्यासाठीही आहे. "अध्ययन अक्षमता आहे" हे वाक्य बी.एड. च्या फाईलमधे लिहायचा हक्क तुम्हाला नाही, मलाही नाही.

पऱ्हाटी_१२
चार दिवस झाले, अपडेट देते, लांब आहे.

आधी ऐकण्याची चाचणी. कोल्हा आणि विहिरीचा उतारा वाचून दाखवला, पाचपैकी चार उत्तरं बरोबर. "कोल्हा विहिरीत काहून उतरला" तर म्हणते, "त्याले तहान लागली व्हती अन् त्यानं वर कसं यावं हे पाह्यलंच नाही." मी हे पुस्तकातल्यापेक्षा चांगलं उत्तर समजते. वर्गशिक्षक तिथंच बसले होते, ते काही बोलले नाहीत.

मग खडूचं. व्हरांड्यात फरशीवर तेच आठ शब्द मोठे लिहिले. उकाराचे पाचपैकी चार बरोबर वाचले! वेलांटीचे तीनही चुकले, परत दवस, चमनी, कती. मी नाचायच्या बेतात होती, पण मग वाटलं की हे शब्द तर त्यानं आधी पाहिलेत आणि मी एकदा सांगितले पण होते, तर आठवणीनं बोलला असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी नवे शब्द घेतले. पाच उकाराचे आणि पाच पहिल्या वेलांटीचे, आधी वहीत पुस्तकाएवढ्या अक्षरात, मग तेवढेच दुसरे नवे फरशीवर मोठे. वहीत उकाराचा एक बरोबर, फरशीवर चार. वेलांटीचा वहीत एक आणि फरशीवर पण एकच.

आणि सर, एक गोष्ट मला लाज वाटते सांगायला. माझ्या जुन्या फाईलमधे पान १४ वर मी लिहिलं आहे "मुलगा शेजारच्याच्या वहीतून कॉपी करतो, प्रामाणिकपणा कमी". काल मी त्याच्या मागं बसली. तो शेवटच्या रांगेत बसतो कारण उंच आहे. शेजारच्याच्या वहीतून तो गणिताची उत्तरं नाही उतरवत, फळ्यावरची तारीख आणि सुविचार उतरवतो. फळ्यावरचं!

जुना_साधनव्यक्ती
त्याचे डोळे तपासा. आज नाही तर उद्या.

बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत वर्षातून एकदा येते, यंदा येऊन गेली का ते मुख्याध्यापकांना विचारा, आणि त्या दिवशी गोलू हजर होता का ते हजेरीत पहा. नसेल तर ग्रामीण रुग्णालयात घेऊन जायला आईला सांगा, तिथं सहा मीटरवरून तक्ता वाचायला लावतात. अक्षरं येत नसली तरी चालते, ई चा तक्ता असतो, बोटानं दिशा दाखवायची.

आणि एक ध्यानात ठेवा, मोठं अक्षर वाचलं म्हणजे डोळ्याचा दोष आहेच असं नाही. मोठं लिहिलं की उकार नजरेत भरतो, डोळे चांगले असलेल्या पोराच्याही. म्हणून फाईलमधे "दृष्टिदोष" लिहू नका, "मोठ्या अक्षरात उकार वाचले, लहानात नाही, फळ्यावरचं शेजारच्या वहीतून घेतो, म्हणून नेत्रतपासणी सुचवली" एवढंच लिहा.

अकोटची_मीरा
मी माझं आधीचं थोडं मागं घेते. पण सर, वेलांटीचं काय? ती मोठी लिहून पण आली नाही. मग डिस्लेक्सिया नाहीच असं पण कसं म्हणता येईल?

जुना_साधनव्यक्ती
नाही म्हणता येत. मी तसं म्हणतही नाही. आधी शिकवून बघायचं. पहिली वेलांटी कोणी त्याला नीट शिकवली होती का हेच माहीत नाही आपल्याला. व्हायगॉट्स्कीची ९ पानं लिहिलीत ना, ती इथं कामी येतील. एकटा किती करतो यापेक्षा किती आधार दिला की करतो हे मोजा. पहिला आधार, नुसतं "परत पाह्य". दुसरा, वेलांटीवर बोट ठेवणं. तिसरा, अक्षर आधी बोलायला लावून मग वेलांटी दाखवणं. कितव्या आधाराला जमलं ते रोज लिहा. शब्द सोपे घ्या, ज्यात एकच खूण बदलते. पर, पार, पिर, पूर, पेर, पोर.

कारंजाचे_गुरुजी
पिर नाही सर, पीर. दीर्घ.

जुना_साधनव्यक्ती
मान्य गुरुजी 🙏 घाईत झालं. पहिल्या वेलांटीसाठी मग तीळ-तिळाचा असलं नको, दिवा-दावा, चिमटा, किडा-कडा असं घ्या.

पऱ्हाटी_१२
आठ दिवस झाले, रोज खिचडीनंतर १५ मिनिटं. पहिल्या दिवशी दहापैकी सात शब्दांना तिसरा आधार लागला. चौथ्या दिवशी तीन शब्दांना, बाकीच्यांना बोट ठेवलं की जमलं. सहाव्या दिवशी तो स्वतःच बोट ठेवायला लागला. काल दहापैकी सहा काहीच न सांगता वाचले. पण आज सकाळी प्रार्थनेआधी वाचायला दिलं तर परत तीनच, माहीत नाही काहून. घरून काही न खाता आला होता म्हणे. दोन्ही नोंदी ठेवल्या.

हजेरी पण पाहिली. पहिलीच्या वर्षी दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत तो निम्म्याहून जास्त दिवस गैरहजर आहे, कापूस वेचणीत लहान बहिणीला सांभाळायला आई शेतात घेऊन जायची. मला वाटते तेव्हाच वेलांटी शिकवली असेल आणि ती त्याची सुटली. लिहू का हे?

जुना_साधनव्यक्ती
हजेरी लिहा, तारखांसकट. "तेव्हाच सुटली" हे लिहू नका, त्या दिवसांत वर्गात काय शिकवलं हे तुम्हाला माहीत नाही. "असू शकते" म्हणून एक ओळ चालेल. आठ दिवसांत सुधारला म्हणजे शिकवणं कमी पडलं होतं याकडं पारडं झुकते, पण आठ दिवस म्हणजे काहीच नाही. दोन-तीन महिने असं शिकवूनही वेलांटी टिकली नाही तर मीराताईंची शंका पुढं न्यायची. ते तुमच्या फाईलीच्या नंतरचं आहे, म्हणून वर्गशिक्षकांना लिहून द्या.

पऱ्हाटी_१२
आणि दारूचं? वडिलांचं ठेवू की काढू? खरं आहे ते, गावात सगळ्यांना माहीत आहे.

धारणीकर
काढा. तुम्ही पाहिलं का? गावानं सांगितलं. आणि ती फाईल कॉलेजात कितीजण चाळतील, गाव आणि इयत्ता वाचून कोणीही ओळखेल त्या पोराला.

अकोटची_मीरा
मला नाही पटत. घरात भांडण असेल तर मुलावर परिणाम होतोच, ते लपवून केस स्टडी अर्धवट राहील.

जुना_साधनव्यक्ती
माझंही यात मन दोन्हीकडं जाते. मी असतो तर गोलूच्या वागण्यात त्याचा काही संबंध मी स्वतः पाहिला असता तरच लिहिलं असतं. वेलांटीचा आणि दारूचा संबंध मला तरी दिसत नाही.

पऱ्हाटी_१२
ती ओळ पेन्सिलनं कंस करून ठेवली आहे, मॅडमनाच विचारते. पियाजे काढून टाकला, २२ ची १३ पानं झाली, त्यातली चार नुसत्या शब्दांच्या याद्या. बुधवारी त्याची आई त्याला घेऊन रुग्णालयात जाणार आहे, त्या दिवशीची मजुरी बुडते म्हणून आधी नाही म्हणत होती, मग वर्गशिक्षकच म्हणाले, "मी गाडीवर सोडतो दोघायले." तोवर त्याला पहिल्या रांगेत बसवलंय, मागच्या पोरांची ओरड चालू आहे की गोलूच्या डोक्यानं फळा दिसत नाही.